धागा: बोरॉनने दिलेले होल गेले कुठे? (बारावीचं एक गणित, घरात तीन उत्तरं)

पोफळीची_पोर
गुहागरकडे चार दिवस पाऊस नुसता कोसळतोय. लाइट जाते-येते. त्यात चिरंजीवांची बारावी. काल रात्री कंदिलाच्या उजेडात एका गणितावरून मायलेकांचं वाजलं, म्हणून इथे आणते आहे.

गणित असं: सिलिकॉनमध्ये दर घनमीटरला ४ × १०^२१ फॉस्फरसचे अणू आणि १ × १०^२१ बोरॉनचे अणू घातले आहेत. शुद्ध सिलिकॉनमध्ये मुळात असणारे इलेक्ट्रॉन, आणि तेवढेच होल, म्हणजे ni = १.५ × १०^१६ प्रति घनमीटर, तापमान ३०० केल्विन. इलेक्ट्रॉन किती, होल किती?

चिरंजीवांचं उत्तर: फॉस्फरस एकेक इलेक्ट्रॉन देतो, बोरॉन एकेक होल. म्हणजे इलेक्ट्रॉन ४ × १०^२१, होल १ × १०^२१. झालं, झोपू दे.

माझं उत्तर: मी बीएस्सी फिजिक्स, पण त्याला आता वीस वर्षं झाली. इलेक्ट्रॉन n, होल p, तर n × p = ni² एवढं आठवत होतं. जुनी वही काढली, त्यात ni १.५ × १०^१० लिहिलेलं सापडलं, ते घातलं. इलेक्ट्रॉन ४ वजा १, म्हणजे ३ × १०^२१. होल आले ०.०७५.

शिकवणीच्या वहीतलं उत्तर: इलेक्ट्रॉन ३ × १०^२१, होल ७.५ × १०^१०. "असंच लिहायचं" एवढंच तिथे सांगितलंय.

माझी चूक कुठे झाली याचा अंदाज आहे. पण पोराचा प्रश्न मला सोडवता आला नाही. तो म्हणतो, "आई, बोरॉनने १०^२१ होल दिले ना? मग ७.५ × १०^१० च कसे उरले? बाकीचे कुठे गेले?"

मालवणी_झिल
होल खंय गेले ता माका पन कळाक व्हया. आमच्या रस्त्यार तर पाऊस पडलो की वाडतच जातत.

तांबडी_माती
ताई, सोपं आहे. होल म्हणजे रिकामी जागा. फॉस्फरसचे इलेक्ट्रॉन त्या जागांत जाऊन बसतात. चार हजार माणसं आणि एक हजार खुर्च्या असं समजा. हजार बसले, तीन हजार उभे. म्हणून ३ × १०^२१. खुर्च्या सगळ्या भरल्या, तेव्हा होल शून्य. ७.५ × १०^१० वगैरे परीक्षेपुरतं, प्रत्यक्षात शून्यच धरायचं.

पोफळीची_पोर
@तांबडी_माती, खुर्च्यांचं पटलं, पोरालाही पटलं. पण मग लगेच म्हणाला, "शून्य असेल तर गुणाकारही शून्य व्हायला हवा, तो ni² कसा?" आता बोला.

खाडीपलीकडे
मी सव्वीस वर्षं सिलिकॉनच्या चकत्या मोजण्यात घालवली. आता राजापूरला घरी असतो, तेव्हा वेळ भरपूर.

आधी ताईंचं ०.०७५. त्यांच्या वहीतला १.५ × १०^१० हा आकडा दर घनसेंटिमीटरचा आहे आणि गणित घनमीटरमध्ये आहे. घनमीटरात दहा लाख घनसेंटिमीटर मावतात, म्हणून ni दहा लाखपट व्हायला हवा होता आणि ni² त्याच्याही दहा लाखपट. ०.०७५ ला १०^१२ ने गुणा, ७.५ × १०^१० येतात. ही चूक ओळखायला वहीसुद्धा लागत नाही. ०.०७५ म्हणजे घनमीटरभर सिलिकॉनच्या ठोकळ्यात एक अख्खा होलसुद्धा नाही. एवढा ठोकळा खोलीच्या तापमानाला असताना असं होणं शक्य नाही, हे उत्तर बघताच खटकायला हवं.

आता चिरंजीवांचं उत्तर. त्याला सांगा, तुझे दोन आकडे गुणून बघ. ४ × १०^२१ गुणिले १ × १०^२१ म्हणजे ४ × १०^४२. ni² आहे २.२५ × १०^३२. दहा शून्यांचा फरक. इलेक्ट्रॉन आणि होल इतक्या संख्येने एकाच घरात नांदूच शकत नाहीत, भेटतील तिथे संपतील.

तांबडी_माती यांच्या खुर्च्या बऱ्याचशा बरोबर आहेत, फक्त शेवटचं पाऊल चुकलं. खुर्च्या भरतात हे खरं. पण उष्णतेमुळे बसलेली माणसं अधूनमधून उठतात, कायम उठत राहतात. त्यामुळे कुठल्याही क्षणी थोड्या खुर्च्या रिकाम्या असतातच. त्या किती, हे ७.५ × १०^१० सांगतो.

तांबडी_माती
काका, पण मग नवी भर का पडत नाही? उठणारे उठत राहिले तर रिकाम्या खुर्च्या वाढतच जातील की.

रसायनवाली
चिपळूणहून. मी केमिस्ट्री शिकवते. फिजिक्सवाले हा नियम आपला म्हणून मिरवतात, पण मास ॲक्शन हे नाव आमच्याकडून गेलंय. गुल्डबर्ग आणि वागे या दोन नॉर्वेजियन लोकांनी १८६४ मध्ये मांडला.

पाण्याचं उदाहरण घ्या. पाण्यात H⁺ आणि OH⁻ यांचा गुणाकार २५ अंशाला १०^-१४. शुद्ध पाण्यात दोन्ही १०^-७. आता त्यात कोकमाचं आगळ ओता, समजा pH २ झाला. H⁺ झाले १०^-२, OH⁻ आपोआप १०^-१२. आगळातून कुणी OH⁻ उचलून नेले नाहीत, तरी ते लाखपटीने घटले. फॉस्फरस म्हणजे आमचं आगळ, होल म्हणजे आमचे OH⁻. आणि ताईंच्या गणितात आगळाबरोबर थोडा खायचा सोडाही घातलाय, तो बोरॉन. आधी दोघं एकमेकांना मारतात, उरेल त्यावर गुणाकाराचा नियम.

मालवणी_झिल
सोलकढीत सोडो घालणाऱ्याक गावात ठेवू नये.

रसायनवाली
@मालवणी_झिल, घालून बघा, रंग बदलतो. वर्गात करून दाखवते दरवर्षी.

सोलर_भाऊ
मी दापोलीला पॅनल बसवतो. धागा वाचला. माझा अनुभव सांगतो, मे महिन्यात भर दुपारी ऊन कडक असतं तरी पॅनलची पॉवर कमी पडते. गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. हे होल कमी झाल्यामुळे होतं का? जास्त होलवाले पॅनल कुठे मिळतील?

खाडीपलीकडे
@सोलर_भाऊ, उलटं आहे, पण तुमचा प्रश्न वाटतो तेवढा आडवाटेचा नाही. त्याच्याकडे येतो. आधी तांबडी_माती यांना उत्तर देऊ द्या, कारण सगळी मेख तिथेच आहे.

तुम्ही आंगणेवाडीच्या जत्रेला गेला असाल. गर्दीत पोरं हरवतात. दर तासाला किती हरवतात हे गर्दीवर ठरतं. पोर हरवलं की एक हरवलेलं पोर आणि एक शोधणारा बाप अशी जोडी तयार होते. पोर आणि शोधणारा समोरासमोर आले की दोघंही यादीतून जातात. आता, तासाला किती भेटी होतील? हरवलेली पोरं जास्त तर भेटी जास्त, शोधणारे जास्त तर भेटी जास्त. म्हणजे भेटींचा वेग या दोन संख्यांच्या गुणाकारावर. थोड्या वेळाने जत्रेत समतोल येतो, तासाला जेवढी हरवतात तेवढीच सापडतात. हरवण्याचा वेग गर्दीने ठरलेला, म्हणून समतोलात गुणाकारही ठरलेला.

आता समितीने वरून हजार स्वयंसेवक सोडले. पोरं हरवण्याचा वेग तोच आहे, कारण गर्दी तीच. पण शोधणारे वाढल्याने प्रत्येक पोर झटकन सापडतं. म्हणून कुठल्याही क्षणी मोजलीत तर हरवलेली पोरं थोडी दिसतील.

पोर म्हणजे होल, शोधणारा म्हणजे इलेक्ट्रॉन, गर्दी म्हणजे तापमान, स्वयंसेवक म्हणजे फॉस्फरसने दिलेले इलेक्ट्रॉन. तुमचा प्रश्न होता, रिकाम्या खुर्च्या वाढत का जात नाहीत. त्या वाढायला लागल्या की भरण्याचा वेगही वाढतो, म्हणून.

तांबडी_माती
आता कळलं. पण काका, प्रत्येक भेटीत एक स्वयंसेवकही जातो ना? मग इलेक्ट्रॉन ३ × १०^२१ पेक्षा कमी व्हायला हवेत.

खाडीपलीकडे
कमी होतात, पण किती ते बघा. शुद्ध सिलिकॉनमध्ये होल होते सगळे मिळून १.५ × १०^१६, आणि इलेक्ट्रॉनही तेवढेच. ती सगळी पोरं सापडली असं धरलं तरी फार तर तेवढेच इलेक्ट्रॉन खर्च होतील. ३ × १०^२१ च्या तुलनेत ते दोन लाखांत एक. शिवाय मुळात उष्णतेने सुटलेले तेवढे इलेक्ट्रॉन होतेच, त्यांनी तो खर्च भरून काढला. म्हणून इलेक्ट्रॉनच्या बाजूला काही दिसत नाही आणि होलच्या बाजूला सत्यानाश होतो.

ताई, चिरंजीवांचा मूळ प्रश्नही इथेच सुटतो. बोरॉनचे होल फॉस्फरसच्याच इलेक्ट्रॉननी भरले. पण बोरॉनचे अणू कुठे गेले नाहीत, ते तिथेच ऋण प्रभार घेऊन बसलेत. प्रभाराचा हिशेब जमतो का ते त्याला करायला लावा. ऋण बाजूला ३ × १०^२१ इलेक्ट्रॉन आणि १ × १०^२१ बोरॉन. धन बाजूला ४ × १०^२१ फॉस्फरस आणि चिमूटभर होल. दोन्हीकडे चार. गणित सुटलं की नाही हे पडताळायला दोनच प्रश्न विचारायचे: गुणाकार ni² येतो का, आणि प्रभार जुळतो का. त्याचं पहिलं उत्तर दुसऱ्या परीक्षेत पास होतं, गंमत म्हणजे. ४ आणि १ इकडे, १ आणि ४ तिकडे. पण पहिल्या परीक्षेत दहा शून्यांनी नापास.

पोफळीची_पोर
काका, हे वाचून दाखवलं. "म्हणजे मी अर्धा पास" म्हणाला आणि निघून गेला. पण जत्रेचं त्याला फार आवडलं, लहानपणी तो खरंच हरवला होता तिथे. पावणेदोन तास.

मालवणी_झिल
पावणेदोन तास म्हंजे त्या वर्सा डोपिंग कमी होता.

जूनचा_पाऊस
मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रत्नागिरीत रूमवर. दोन गोष्टी.

एक, १.५ × १०^१० हा आकडा जुना आहे. आमच्या सरांनी १.० × १०^१० घ्यायला सांगितलंय. त्याने ताईंच्या गणितात होल येतात ३.३ × १०^१०, निम्म्याहून कमी! मग बरोबर कुठलं?

दोन, n = ३ × १०^२१ हे "धरून" चालणं मला आवडत नाही. n − p = ३ × १०^२१ आणि n × p = ni² ही दोन समीकरणं आहेत, वर्गसमीकरण सोडवायला हवं.

खाडीपलीकडे
पहिल्यावर: तुमचे सर बरोबर आहेत. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बारकाईने मोजमाप केलं, तेव्हा आकडा १ × १०^१० च्या आसपास उतरला. सोलर सेलवाल्यांना हे आधी टोचलं, कारण त्यांचं व्होल्टेज थेट ni वर अवलंबून असतं. पण शाळेच्या गणितात १.५ दिला असेल तर १.५ च घ्यायचा, दिलेल्या आकड्याशी भांडून मार्क मिळत नाहीत. आपला आकडा ni² मध्ये जातो, म्हणून दीडपटीची चूक सव्वादोन पटीची होते, एवढं लक्षात असू दे.

दुसऱ्यावर: तुमची पद्धत चोख आहे, पण या गणितात वर्गसमीकरण म्हणजे खाडी ओलांडायला जहाज. सोडवून बघा, n चा अकरावा दशांश हलेल. तिची गरज कधी पडते ते तुम्हीच दाखवा बघू.

जूनचा_पाऊस
दाखवतो. काल हेच करत होतो. आकडे घनसेंटिमीटरमध्ये घेतो, ताई घाबरू नका.

हलकं डोप केलेलं सिलिकॉन, फक्त फॉस्फरस, २ × १०^१४. तापमान ५०० केल्विन, म्हणजे २२७ अंश सेल्सिअस. तिथे ni सूत्राने काढला तर १.३ × १०^१४ च्या जवळ येतो, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा दहा हजारपटीहून जास्त. आता ni डोपिंगच्या बरोबरीला आला.

आधी शॉर्टकट. n = २ × १०^१४ धरलं. ni² = १.६९ × १०^२८. p = ०.८४५ × १०^१४. आता काकांची परीक्षा: n वजा p बरोबर फॉस्फरस, म्हणजे २ यायला हवं. येतात १.१५५. प्रभार जुळत नाही, नापास.

नीट पद्धत. सगळं १०^१४ च्या पटीत लिहू.

n − p = २
n × p = १.६९
n² − २n − १.६९ = ०
n = १ + √२.६९ = २.६४
p = १.६९ ÷ २.६४ = ०.६४

२.६४ वजा ०.६४ बरोबर २. गुणाकार १.६९. दोन्हीत पास. म्हणजे इलेक्ट्रॉन २.६४ × १०^१४, होल ०.६४ × १०^१४. दर चार इलेक्ट्रॉनमागे एक होल, आता "एन टाइप" म्हणायला जीभ जड होते.

खाडीपलीकडे
शाब्बास. आणि हेच ताईंच्या तुकड्यावर करा, ३ × १०^१५. ५०० केल्विनला होल येतील साधारण ५.६ × १०^१२, इलेक्ट्रॉन तीनचे तीनच. शॉर्टकट तिथेही चालतो. म्हणजे आधी डोपिंगच्या फरकाला ni ने भागायचं. भागाकार शंभराच्या वर असेल तर निर्धास्त शॉर्टकट. वीस-तीस आला तरी चालवून घेतो आम्ही. एक-दोन आला तर वर्गसमीकरण.

रेडिओ_दुरुस्ती
वेंगुर्ल्यात माझं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुमची समीकरणं मला येत नाहीत, पण एक विचारतो. जुन्या रेडिओत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे, एसी १२८ वगैरे. उन्हाळ्यात दुपारी ते रेडिओ आवाज फाटून वाजायचे, संध्याकाळी वारा सुटला की आपोआप बरे. वडील ट्रान्झिस्टरवर पत्र्याची टोपी बसवायचे. सिलिकॉनचे आले तेव्हापासून ही तक्रार बंद. याचा तुमच्या ni शी संबंध आहे का?

खाडीपलीकडे
थेट संबंध आहे. जर्मेनियमचा ni खोलीच्या तापमानाला २.४ × १०^१३ च्या आसपास, सिलिकॉनच्या हजारपटीहून जास्त. कारण जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन सुटायला ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, सिलिकॉनमध्ये १.१२ लागतात. तितक्याच डोपिंगला जर्मेनियममध्ये नको असलेल्या बाजूचे वाहक लाखो पटीने जास्त, आणि गळती करंट त्यांचाच. दुपारी ते आणखी वाढतात, करंटने ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी वाढतात. तुमच्या वडिलांची पत्र्याची टोपी ही साखळी तोडत होती.

सिलिकॉनमध्ये २७ अंशांवरून ३७ वर गेलं की ni साधारण दुप्पट होतो. ताईंच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन तसेच राहतील, पण होल ni² वर म्हणून चौपटीच्या वर जातील. सकाळ आणि दुपार यांत चौपट! तरीही मुळात इतके कमी की रेडिओला पत्ता लागत नाही.

आता @सोलर_भाऊ. तुमचं पॅनल तापलं की ni वाढतो, त्याने व्होल्टेज पडतं. नेहमीच्या सिलिकॉन पॅनलची पॉवर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. गिऱ्हाईकाला सांगा, छपरापासून वीतभर वर बसवू या, खालून वारा जाऊ दे. दुसरं, हा गुणाकाराचा नियम उन्हातल्या पॅनलला लागूच नाही. ऊन पडलं की प्रकाश नव्या जोड्या तयार करतो, जत्रेत बाहेरून कुणीतरी मुद्दाम पोरं हरवायला लागल्यासारखं. तेव्हा गुणाकार ni² च्या खूप वर जातो. नियम अंधारातल्या, वायर न जोडलेल्या, एकाच तापमानाला निवांत पडलेल्या तुकड्याचा.

सोलर_भाऊ
म्हणजे रात्री लागू. रात्री पॅनल बघायला कोण जातं. पण वीतभर वर बसवायचं सांगितलंत ते आजच करतो, दोन गिऱ्हाईकं आहेत.

रसायनवाली
काका, आमच्याकडेही तसंच. पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं की गुणाकार १०^-१३ च्या आसपास जातो, शुद्ध पाण्याचा pH साडेसहावर येतो. पोरं म्हणतात, "पाणी आम्लधर्मी झालं". झालेलं नसतं, दोन्ही सारखेच वाढलेले असतात. तुमच्या शुद्ध सिलिकॉनसारखं.

तांबडी_माती
एक शंका राहिली. ७.५ × १०^१० हा आकडा ऐकायला प्रचंडच वाटतो, साडेसात हजार कोटी. आणि तुम्ही म्हणता नगण्य.

खाडीपलीकडे
घनमीटरामुळे फसायला होतं. घनसेंटिमीटरला ते ७५ हजार. आता एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड तुकडा घ्या, नखावर ठेवलात तर फुंकरीने उडेल असा. त्यात होल सरासरी ३७. सदतीस! आणि इलेक्ट्रॉन दीड लाख कोटी.

पोफळीची_पोर
सदतीस ऐकल्यावर पोरगा वही घेऊन परत आला. त्याचे प्रश्न लिहिते आहे: "मोजतात कसे? कुणी पाहिलेत का ते सदतीस?"

खाडीपलीकडे
पाहत नाही, आणि खरं सांगायचं तर चकती मोजताना होल मोजतच नाही. चार टोकांच्या सुया टेकवायच्या, बाहेरच्या दोन सुयांतून करंट, आतल्या दोन सुयांवर व्होल्टेज, त्यातून रोधकता. ताईंच्या तुकड्याला साधारण दीड-पावणेदोन ओहम-सेंटिमीटर येईल. त्यावरून इलेक्ट्रॉनची घनता काढतो, मग होल कागदावर.

यात एक फसगत आहे. फॉस्फरस ४ आणि बोरॉन १ घातलेली चकती, आणि नुसता फॉस्फरस ३ घातलेली चकती, सुयांना जवळजवळ सारखीच दिसते. सुयांना फक्त वजाबाकी कळते. नोकरीच्या सुरुवातीला एकदा एका खेपेत नको तितका बोरॉन मिसळलेला होता आणि वजाबाकी मात्र बरोबर जमून आली होती. मी सही केली. पुढे भट्टीतल्या टप्प्यानंतर आकडे भरकटले तेव्हा उजेड पडला. बोलणी खाल्ली, बरोबरच होती.

एन आहे की पी हे मात्र चिरंजीव घरी बघू शकतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, एक टोक थंड, दुसऱ्या टोकाला तापलेली सोल्डरिंग गन टेकवलेली. गरम टोक धन दाखवलं तर एन. गरम जागेतले इलेक्ट्रॉन थंडीकडे पळतात, मागे धन उरतो. फक्त फार तापवायचं नाही. हलक्या डोपिंगचा पी तुकडा खूप तापवला तर जूनच्या_पावसाने दाखवलं तसं इलेक्ट्रॉन आणि होल बरोबरीला येतात, आणि इलेक्ट्रॉन जास्त चपळ, म्हणून पी असून एन दाखवतो.

जूनचा_पाऊस
काका, हे आम्हाला लॅबमध्ये कुणी सांगितलं नाही. आमचा एक तुकडा दोनदा पी आणि एकदा एन आला होता, सगळ्यांनी पी लिहून टाकलं.

सोलर_भाऊ
माझ्याकडे फुटक्या पॅनलचे सेल पडलेत. ताई, पाठवू का पोराला? दापोली-गुहागर फेरीबोटीने कुणीतरी येतंच.

खाडीपलीकडे
पाठवा, पण सेल म्हणजे एक तुकडा नव्हे. वरचा पातळ थर एका जातीचा, खालचा दुसऱ्या, आणि पाठीला ॲल्युमिनियम. शिवाय उजेडात स्वतःच व्होल्टेज देणार. काळ्या फडक्याखाली करा. तरी कुठल्या थराचं उत्तर मिळतंय हे मलाही इथून सांगता यायचं नाही.

पोफळीची_पोर
पाठवा भाऊ, धक्क्यावरून घेऊन येऊ. परीक्षेत १.५ की १.० यावर घरात अजून वाद आहे. तो म्हणतो, "पेपरात ni दिलाच नाही तर?" मी म्हटलं, तेव्हा १.५ लिही आणि एकक लिहायला विसरू नकोस. तो म्हणतो, "विसरलीस तू होतीस."

मालवणी_झिल
गो बाय, झिल तुझो पास झालो.